घसा दुखतोय आणि चिठ्ठीवर तीन गोळ्या: कोणती कशासाठी, कधी सुरू, कधी बंद

मी फार्मासिस्ट आहे, सदाशिव पेठेत एका मेडिकलच्या काउंटरवर असते. आमच्याकडे येणाऱ्यांत अभ्यासिकेतली पोरंपोरी जास्त, कॉट बेसिसवर राहणारी, मेसचं जेवणारी, घरापासून पहिल्यांदाच लांब. पावसाळा सुरू झाला की घसे धरतात आणि मग हातात चिठ्ठी घेऊन काउंटरवर एकच प्रश्न येतो, ताई घसा दुखतोय तर ॲसिडिटीची गोळी कशाला दिलीय? प्रश्न एकदम बरोबर आहे आणि त्याचं उत्तर कळलं की कुठली गोळी कधी थांबवायची हे पण आपोआप कळतं, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

एक चिठ्ठी डोळ्यासमोर धरू. अगदी अशीच चिठ्ठी आठवड्यात कितीदा तरी येते. मुलगा, वय २१, घसा दुखतोय ३ दिवस, गिळताना जास्त, ताप १०१. त्याखाली डॉक्टरांनी तपासून लिहिलंय की टॉन्सिल सुजलेत, त्यावर पांढरे ठिपके आहेत, मानेत पुढच्या बाजूला दुखऱ्या गाठी आहेत, खोकला नाही. आणि मग औषधं:

टॅब अमॉक्सिसिलिन + क्लॅव्हुलॅनिक ॲसिड ६२५, १-०-१, ५ दिवस
टॅब असिक्लोफिनॅक १०० + पॅरासिटामॉल ३२५, १-०-१, जेवणानंतर, ३ दिवस
टॅब पॅन्टोप्राझोल ४०, १-०-०, नाश्त्याआधी, ५ दिवस
गुळण्या दिवसातून तीनदा

आधी औषधं नाही, वरचा भाग वाचा

सगळे थेट गोळ्यांच्या नावावर जातात. पण अँटिबायोटिक का दिलं याचं उत्तर वरच्या दोन ओळींत असतं. घसा दुखण्याची बहुतेक कारणं व्हायरल असतात आणि व्हायरसवर अँटिबायोटिक काहीही करत नाही. बॅक्टेरियांमध्ये डॉक्टर मुख्यतः एकाला शोधत असतात, स्ट्रेप नावाच्या, आणि तो मोठ्या माणसांत घसा दुखायचं कारण असण्याचं प्रमाण कमी आहे, शाळेच्या वयाच्या मुलांत जरा जास्त. आता हा स्ट्रेप नुसता घसा बघून ओळखता येत नाही, लाल तर व्हायरलमध्ये पण होतो, म्हणून डॉक्टर चार गोष्टी एकत्र बघतात: ताप आहे का, टॉन्सिलवर पांढरं आहे का, मानेत पुढे दुखऱ्या गाठी आहेत का, आणि खोकला *नाही* ना. चौथी गोष्ट लोकांना उलटी वाटते, खोकला असेल तर आजार मोठा असं वाटतं, पण खोकला, नाक गळणं, आवाज बसणं हे सगळं व्हायरलच्या बाजूने बोलतं. आपल्या चिठ्ठीत चारही गोष्टी जुळतायत, म्हणून पहिली ओळ अँटिबायोटिकची आहे. चारही जुळल्या तरी स्ट्रेप असण्याची शक्यता साधारण निम्मीच असते बरं का, खात्री करायची तर घशाचा स्वॅब घेऊन टेस्ट करावी लागते, पण ओपीडीत बरेच डॉक्टर एवढ्यावर निर्णय घेतात.

तुमच्या चिठ्ठीत जर सर्दी आणि खोकला आहे, ताप नाही असं लिहिलेलं असेल आणि तरी खाली अँटिबायोटिक असेल, तर तिथेच डॉक्टरांना सरळ विचारा की हे आजच सुरू करू का दोन दिवस वाट बघू. हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा काही नाही, चांगले डॉक्टर स्वतःच सांगतात की दोन दिवसांत उतार पडला नाही तरच सुरू कर. आणि वाट बघितल्याने बिघडतं का, तर स्ट्रेपमध्ये सगळ्यात भीती असते ती ऱ्हुमॅटिक फीवरची, म्हणजे घशाच्या इन्फेक्शननंतर काही आठवड्यांनी सांधे सुजतात आणि हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात, आपल्या देशात हे अजूनही दिसतं आणि जास्त करून लहान आणि तरुण वयात. पण घसा दुखायला लागल्यापासून ९ दिवसांच्या आत योग्य अँटिबायोटिक सुरू झालं तरी ते टळतं. म्हणजे स्वॅबचा रिपोर्ट यायला एकदोन दिवस लागले म्हणून काही हातातून जात नाही.

मग आकडे आणि अक्षरं

१-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस म्हणजे गरज लागली तरच. एसी लिहिलं तर जेवणाआधी, पीसी जेवणानंतर. एवढं पुरतं.

गोळ्यांची संख्या मात्र स्वतः मोजा. १-०-१ पाच दिवस म्हणजे १० गोळ्या, तीन दिवस म्हणजे ६, १-०-० पाच दिवस म्हणजे ५. आम्ही स्ट्रिप कापून देतो, कापताना एक्सपायरीची तारीख आणि नाव कधी कधी दुसऱ्या तुकड्यावर राहतं, तर काउंटरवरच मोबाईलमध्ये पूर्ण स्ट्रिपचा फोटो काढून घ्या, आम्हाला राग येत नाही. ब्रँड वेगळा दिला म्हणून घाबरू नका, पण नावाखाली बारीक अक्षरात आतलं औषध आणि मिलिग्रॅम लिहिलेलं असतं ते चिठ्ठीशी जुळलं पाहिजे. ६२५ हा आकडा बऱ्याच जणांना खूप हेवी वाटतो. त्यात ५०० अमॉक्सिसिलिन आणि १२५ क्लॅव्हुलॅनिक ॲसिड असतं, दोघांची बेरीज ६२५, बस.

पहिली ओळ: अँटिबायोटिक

अँटिबायोटिक ओळखायची सोपी खूण म्हणजे स्ट्रिपच्या मागे डाव्या बाजूला उभी लाल रेघ. ती रेघ असलेली गोळी चिठ्ठीशिवाय घ्यायची नसते. (ती रेघ काही पेनकिलरच्या स्ट्रिपवर पण दिसेल, म्हणून फक्त रेघेवर जाऊ नका, नाव पण वाचा.) घशासाठी साधारण तीन प्रकार दिसतात: अमॉक्सिसिलिन एकटं किंवा क्लॅव्हुलॅनिक ॲसिडबरोबर, अझिथ्रोमायसिन ५०० जी तीन किंवा पाच गोळ्यांच्या छोट्या स्ट्रिपमध्ये येते, आणि सेफिक्झिमसारखी सेफालोस्पोरिनच्या घरातली. सेफिक्झिम दिलं तर मेडिकलवाला तुमचं आणि डॉक्टरांचं नाव रजिस्टरमध्ये लिहून घेईल, ते औषध शेड्यूल एच-१ मध्ये आहे आणि तो नियम २०१४ पासून आहे, त्यात तुमच्यावर संशय वगैरे काही नसतो.

माझं प्रामाणिक मत सांगते. स्ट्रेप आजही साध्या पेनिसिलिनने आणि साध्या अमॉक्सिसिलिनने मरतो. क्लॅव्हुलॅनिक ॲसिडचं काम असं की काही बॅक्टेरिया पेनिसिलिन तोडणारं एन्झाइम बनवतात, ते एन्झाइम हे ॲसिड अडवतं. स्ट्रेप हे एन्झाइम बनवतच नाही. म्हणजे पहिल्यांदा झालेल्या साध्या स्ट्रेपच्या घशाला बहुतेक वेळा या दुसऱ्या औषधाची गरज नसते, आणि जुलाब मात्र त्याच्यामुळेच जास्त होतात. डॉक्टर देतात त्याला कारणं असतात, घसा परत परत येत असेल, कान किंवा सायनस पण धरला असेल, टॉन्सिलच्या बाजूला पू व्हायची शंका असेल. पण तुम्हाला मागच्या वेळी या गोळीने जुलाब झाले असतील तर ते आधी सांगा, साधं अमॉक्सिसिलिन चालेल का विचारा.

पाच दिवस का दहा दिवस? स्ट्रेप नक्की असेल तर अमॉक्सिसिलिनचा जुना ठरलेला कोर्स १० दिवसांचा आहे, कारण घसा तिसऱ्याच दिवशी बरा वाटतो पण घशातून स्ट्रेप पूर्ण जायला वेळ लागतो आणि ऱ्हुमॅटिक फीवर टाळायचा तर तो पूर्ण जायला हवा. पेशंट बघून काही डॉक्टर ५ किंवा ७ दिवस देतात. तुमच्या चिठ्ठीवर ५ असेल तर ५ पूर्ण करा आणि घरात कोणाला ऱ्हुमॅटिक हार्टचा त्रास असेल, किंवा तुम्हाला लहानपणी सांधे सुजून ताप आला होता असं आई सांगत असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण मग दिवस बदलू शकतात. स्वतःहून मात्र दिवस कमी पण करू नका आणि वाढवू पण नका.

आणि ॲलर्जी. अमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिनच्याच घरातलं आहे पण नावात पेनिसिलिन दिसत नाही, त्यामुळे "मला पेनिसिलिन चालत नाही" हे माहीत असलेली माणसं पण ही गोळी बिनधास्त घेतात. आधी कधी कुठल्याही अँटिबायोटिकने अंगावर गांध्या, ओठ सुजणं, धाप असं झालं असेल तर डॉक्टरांना पण सांगा आणि काउंटरवर पण सांगा.

दुसरी ओळ: पेनकिलर

घशाच्या चिठ्ठीत रोजच्या त्रासाला खरा आराम देणारी ओळ ही आहे. अँटिबायोटिक स्ट्रेपमध्ये सुद्धा दुखणं फार तर एखाद दिवसाने कमी करतं, पण पाणी गिळता येणं, झोप लागणं, ताप उतरणं हे पेनकिलरने तासाभरात होतं. म्हणून चिठ्ठीत अँटिबायोटिक नसेल आणि फक्त पॅरासिटामॉल आणि गुळण्या असतील तर "डॉक्टरने काहीच दिलं नाही" असं समजू नका, व्हायरल घशाची ती पूर्ण ट्रीटमेंट आहे.

इथे दोन वेगळ्या जाती आहेत आणि तिसरी ओळ समजायची तर हा फरक डोक्यात बसला पाहिजे. पॅरासिटामॉल ही एक, ताप आणि दुखणं दोन्ही कमी करते, पोटाच्या अस्तराला जवळपास हात लावत नाही. असिक्लोफिनॅक, डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन ही दुसरी जात, दुखण्याबरोबर सूज पण कमी करते. ती सूज कमी करते प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य बनणं अडवून, आणि गंमत अशी की तेच द्रव्य पोटात अस्तरावर चिकट थर टिकवून ठेवायचं काम करतं, म्हणजे घशातली सूज कमी करताना पोटातलं संरक्षण पण कमी होतं. रक्तातून जाऊन होतं हे, त्यामुळे गोळी जेवणानंतर घेतली तर जळजळ कमी होते पण धोका पूर्ण जात नाही.

आपल्या चिठ्ठीतल्या गोळीत दोन्ही जाती एकत्र आहेत, आणि इथेच हिशोब चुकतो. समजा हा मुलगा ही गोळी दोनदा घेतोय, त्यात पॅरासिटामॉल ३२५ दुणे ६५०. रूममेटने ताप बघून ६५० ची गोळी दिली, ती दिवसात तीनदा घेतली, १९५०. वर सर्दीची म्हणून एक गोळी तीनदा, अशा बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल ५०० असतं, म्हणजे १५००. बेरीज ४१०० मिलिग्रॅम. निरोगी मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४००० आहे, त्याच्यावर लिव्हरला धोका, आणि दारू घेणाऱ्या, लिव्हरचा त्रास असलेल्या किंवा अंगाने बारीक माणसाला मर्यादा याहून बरीच खाली असते. आणि या मुलाला वाटतंय की मी तीन वेगवेगळी औषधं घेतोय. म्हणून प्रत्येक स्ट्रिपच्या मागे पॅरासिटामॉल हा शब्द शोधा आणि दिवसाची बेरीज करा.

पुण्यात जुलै ते ऑक्टोबर अजून एक गोष्ट बघायची. डेंग्यूचे पेशंट असतात त्या दिवसांत, आणि डेंग्यूत सुरुवातीला घसा पण दुखू शकतो. ताप जोरात, डोळ्यांच्या मागे दुखतंय, अंग मोडून आलंय असं असेल तर ब्लड रिपोर्ट येईपर्यंत असिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन यातलं काही नको, फक्त पॅरासिटामॉल, कारण डेंग्यूत प्लेटलेट कमी होतात आणि या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. डॉक्टरांना ही लक्षणं सांगायची राहिली असतील तर गोळी घेण्याआधी फोन करा. दमा असलेल्यांनी, किडनीचा त्रास किंवा अल्सर होऊन गेलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी पण ही दुसरी जात विचारल्याशिवाय घेऊ नये.

तिसरी ओळ: ॲसिडिटीची गोळी

आता मूळ प्रश्न. पॅन्टोप्राझोल घशासाठी नाहीच आहे, ती दुसऱ्या ओळीसाठी आहे. पेनकिलरने पोटाचं संरक्षण कमी केलं तर निदान ॲसिड कमी असावं, एवढंच तिचं काम. म्हणजे ती पेनकिलरला बांधलेली आहे. पेनकिलर थांबली की एकदोन दिवसांत तिचं काम संपतं.

बऱ्याच जणांना, आणि काही डॉक्टरांना सुद्धा, असं वाटतं की अँटिबायोटिक "गरम" पडतं म्हणून ही देतात. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिकने किंवा अझिथ्रोमायसिनने मळमळ होते, पोटात मुरडा येतो, जुलाब होतात, पण ते ॲसिडमुळे होत नाही, त्यामुळे ॲसिडची गोळी घेऊन ते थांबत पण नाही. त्यावर उपाय म्हणजे गोळी जेवणाच्या सुरुवातीला घेणं. जुलाब वाढले, रक्त दिसलं तर डॉक्टर.

तुमच्या चिठ्ठीत पेनकिलर म्हणून नुसतं पॅरासिटामॉल असेल आणि तरी पॅन्टोप्राझोल असेल तर विचारा की ही नक्की हवी का. तरुण, पोटाचा काही त्रास नसलेल्या माणसाला तीन दिवसांच्या पेनकिलरबरोबर पण ती लागतेच असं नाही. जिथे खरंच लागते ते लोक म्हणजे साठीच्या पुढचे, आधी अल्सर झालेले, रक्त पातळ करायच्या किंवा स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असलेले. आजोबांच्या चिठ्ठीतून ही ओळ गाळू नका.

ती घ्यायची वेळ सगळेच चुकतात. पोटात ॲसिड सोडणारे पंप असतात, ते जेवणाने चालू होतात, आणि ही गोळी चालू असलेल्या पंपालाच धरते. म्हणून खाण्याच्या अर्धा तास आधी घ्यायची, म्हणजे पंप चालू व्हायच्या वेळेला औषध रक्तात पोचलेलं असतं. जेवून झाल्यावर जळजळ सुरू झाली म्हणून घेतली तर त्या वेळेला उपयोग होत नाही. लगेच आराम हवा तर पातळ अँटॅसिड वेगळं असतं, ते घेतलं तर अझिथ्रोमायसिनपासून दोन तास लांब घ्या.

डीएसआर असं काही नाव असेल तर त्यात उलटी थांबवायचं डोम्पेरिडोन पण आहे. अझिथ्रोमायसिन आणि डोम्पेरिडोन, दोन्ही हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर परिणाम करू शकतात, म्हणून हृदयाचा त्रास असलेल्याने दोन्ही एकत्र दिसली तर विचारूनच घ्यावी.

आता हे सगळं मेसच्या दिवसात बसवू

सकाळी साडेसातला उठल्या उठल्या पाण्याबरोबर पॅन्टोप्राझोल. आठ, सव्वाआठला पोहे किंवा उपमा, पहिल्या दोन घासांनंतर अँटिबायोटिक, खाऊन झालं की पेनकिलर. रात्री आठला मेसमध्ये तसंच, जेवणाच्या सुरुवातीला अँटिबायोटिक आणि शेवटी पेनकिलर, म्हणजे बारा तासांचं अंतर आपोआप पडतं. नाश्ता न करता अभ्यासिकेत जाऊन नुसत्या चहावर गोळ्या घेणारे भरपूर आहेत, त्यांना काही तरी खाल्लंच पाहिजे, केळं खा, दूध-बिस्किट खा. एखादा डोस विसरला तर आठवल्यावर घ्या, पुढच्याची वेळ जवळ आली असेल तर तो सोडा, दोन एकदम नाही.

तीन दिवसांनी पेनकिलर बंद. ताप नाही, दुखत नाही तर दुसऱ्याच दिवशी थांबवली तरी चालते, चिठ्ठीवर ३ लिहिलंय म्हणून संपवायची गरज नाही. पॅन्टोप्राझोल पाचव्या गोळीनंतर बंद. अँटिबायोटिक मात्र बरं वाटलं तरी शेवटच्या गोळीपर्यंत. काउंटरवर मला नेमकं उलटं दिसतं, अँटिबायोटिकच्या चार गोळ्या उरतात आणि पॅन्टोप्राझोलची स्ट्रिप सहा महिने परत परत नेली जाते, आणि ही गोळी महिनोन् महिने घेऊन अचानक सोडली की ॲसिड काही दिवस उसळून येतं, मग माणसाला वाटतं मला हिच्याशिवाय जमतच नाही.

घसा इतका दुखतो की गोळी गिळवत नाही, मग लोक कुटून घेतात. पॅन्टोप्राझोल कुटू नका, तोडू पण नका, तिच्यावर पोटात न विरघळणारं आवरण असतं, ते फुटलं की ॲसिडमध्ये औषध वाया जातं. नावात एसआर असलेली पेनकिलर पण अख्खीच. ६२५ ची गोळी मोठी असते, मध्ये रेघ असेल तर दोन तुकडे करून लगेच दोन्ही घ्या, नाहीतर सिरप मागा. आणि ती पाकिटातून आधीच काढून डबीत ठेवू नका, क्लॅव्हुलॅनिक ॲसिड ओल धरतं, पावसाळ्यात तर लगेच गोळीवर डाग पडतात, अशी डाग पडलेली गोळी टाकून द्या.

अँटिबायोटिक सुरू करून ४८ ते ७२ तासांत ताप उतरायला लागला पाहिजे. नाही उतरला तर परत दाखवा, मेडिकलमध्ये येऊन "जरा स्ट्राँग द्या" म्हणू नका, कारण कदाचित तो बॅक्टेरियाच नसतो. अमॉक्सिसिलिनवर असताना अंगभर लाल पुरळ आलं, थकवा खूप आहे आणि मानेच्या मागच्या बाजूला पण गाठी आहेत, तर ते ग्रंथींचा ताप देणाऱ्या एका व्हायरसमध्ये होतं, गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. काळी डांबरासारखी शी झाली तर पेनकिलर बंद आणि लगेच दवाखाना. आणि तोंड नीट उघडत नाही, एकाच बाजूला फार दुखतंय, थुंकी गिळता येत नाही, आवाज तोंडात काही धरल्यासारखा घोगरा झालाय, मान वळत नाही किंवा श्वास घ्यायला त्रास होतोय, यातलं एक जरी असेल तर उद्या सकाळच्या ओपीडीची वाट बघू नका, रात्रीच इमर्जन्सीला जा, टॉन्सिलच्या बाजूला पू झालेला असू शकतो आणि तो गोळ्यांनी नाही, काढूनच बरा होतो. जाताना चिठ्ठी आणि सगळ्या स्ट्रिप बरोबर घ्या आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली ते चिठ्ठीच्या मागे लिहून न्या.